नवीन प्रॉडक्टचे पुढचे नग किती तासांत होतील? लर्निंग कर्व्हने अंदाज बांधण्याची पद्धत

वर्कशॉपमध्ये नवीन प्रॉडक्ट पहिल्यांदा बनतं तेव्हा त्याला भरपूर तास लागतात. ड्रॉइंग पुन्हा पुन्हा उघडावं लागतं, भाग जुळत नाहीत, वेल्डिंगचा क्रम चुकतो. दुसऱ्या नगाला कमी वेळ लागतो, चौथ्याला आणखी कमी. हे प्रत्येक फोरमनला ठाऊक असतं. अडचण येते ती पुढच्या ऑर्डरचं कोटेशन देताना. आठ नग बनवून झाले आणि ग्राहक आणखी चोवीस मागतोय, तर मजुरीचे तास किती धरायचे? आठांची सरासरी धरली तर दर जास्त जातो, अंदाजाने "आता हात बसलाय" म्हणत कापला तर नुकसान होतं. हा आकडा जॉब कार्डांवरून कसा काढायचा, ते इथे एकाच उदाहरणाने शेवटपर्यंत करून दाखवलं आहे.

उदाहरण असं: वेल्डेड फ्रेमचा एक छोटा बेल्ट कन्व्हेयर. एकाच टोळीने आठ नग बनवले आहेत, पुढची मागणी चोवीस नगांची, म्हणजे क्रमांक ९ ते ३२.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- प्रत्येक नगाचं वेगळं जॉब कार्ड, त्यावर हाताच्या कामाचे तास: जुळवणी, वेल्डिंग, ग्राइंडिंग, असेंब्ली, ट्रायल
- मशीनवर गेलेल्या वेळेची वेगळी नोंद
- रीवर्कच्या नोंदी, कारणासकट
- कोणतं फिक्स्चर किंवा जिग कोणत्या नगापासून वापरात आलं आणि ड्रॉइंग कधी बदललं, याच्या तारखा
- मालाची यादी आणि दर
- एक्सेल किंवा तसंच कुठलंही स्प्रेडशीट

यातलं पहिलं नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. "आठ नगांना मिळून इतके तास" एवढीच नोंद असेल तर त्यातून तास कमी होण्याचा उतार काढता येत नाही. निदान दोन-तीन लॉटचे वेगवेगळे एकूण तास तरी लागतात. म्हणून नवीन प्रॉडक्ट फ्लोअरवर यायच्या आधीच प्रत्येक नगाला वेगळं कार्ड लावायची सवय करा. आठवड्यानंतर आठवून लिहिलेले तास वापरू नका. आठवणीतले आकडे नेहमी गोल आणि एकसारखे असतात, आणि आपल्याला शोधायचा असतो तो नेमका त्यांच्यातला फरक.

## १. आधी नियम नीट समजून घ्या

१९३६ साली थिओडोर पॉल राइट या विमान अभियंत्याने विमानांच्या खर्चाबद्दल एक लेख लिहिला. त्यात त्याने दाखवलं की बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की मजुरीचे सरासरी तास दर वेळी साधारण ठरावीक टक्क्यांवर येतात. विमानांसाठी तो आकडा ८० टक्क्यांच्या आसपास होता.

यातला "दुप्पट" हा शब्द महत्त्वाचा आहे. घट दर नगाला सारखी नसते, दर दुपटीला सारखी असते. ८५ टक्क्यांचा कर्व्ह म्हणजे दुसरा नग पहिल्याच्या ८५ टक्के तासांत, चौथा दुसऱ्याच्या ८५ टक्के तासांत, आठवा चौथ्याच्या ८५ टक्के तासांत. पहिल्यावरून दुसऱ्यावर एका नगात जेवढ्या टक्क्यांची घट मिळते, तेवढीच मिळवायला आठव्यावरून सोळाव्यापर्यंत आठ नग लागतात. म्हणून सुरुवातीला वेग झपाट्याने वाढतो आणि नंतर सुधारणा थांबल्यासारखी वाटते. ती थांबलेली नसते, पुढची दुप्पट लांब गेलेली असते.

नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, तो असा: टक्का जितका लहान, तितकी घट जास्त. ७५ टक्क्यांचा कर्व्ह तीव्र उताराचा, ९५ टक्क्यांचा जवळजवळ सपाट. आणि १०० टक्के म्हणजे काहीच सुधारणा नाही.

सूत्र असं आहे:

```
T(n) = a * n^b
b = LOG(r) / LOG(2)
```

यात `T(n)` म्हणजे n क्रमांकाच्या नगाचे तास, `a` म्हणजे पहिल्या नगाचे तास, आणि `r` म्हणजे कर्व्हचा टक्का, दशांशात. ८५ टक्क्यांसाठी `b` साधारण −०.२३४ येतो, ८० टक्क्यांसाठी −०.३२२, ९० टक्क्यांसाठी −०.१५२.

## २. कमी होणारे तास आणि न होणारे तास वेगळे करा

हाताच्या कामाचे तास कमी होतात, मशीनचे होत नाहीत. प्लाझ्मा कटिंगचा वेग प्लेटची जाडी ठरवते, लेथवर फीड आणि स्पीड मटेरियल ठरवतं. बत्तिसाव्या कन्व्हेयरचा रोलर शाफ्ट पहिल्याइतकाच वेळ घेतो, फार तर सेटिंगची दहा मिनिटं वाचतात. जुळवणी करणारा फिटर मात्र तिसऱ्या नगापर्यंत ड्रॉइंग पाठ करतो आणि पाचव्या नगापासून क्लॅम्प कुठे लावायचा हे न मोजता सांगतो.

याचा एक जुना ठोकताळा आहे. काम तीन चतुर्थांश हाताचं आणि एक चतुर्थांश मशीनचं असेल तर कर्व्ह ८० टक्क्यांच्या आसपास, अर्धं-अर्धं असेल तर ८५, आणि तीन चतुर्थांश मशीनचं असेल तर ९० च्या आसपास. एकही नग झालेला नसताना पहिला कच्चा अंदाज द्यायला हा ठोकताळा चालतो. स्वतःची नोंद हातात आली की तो बाजूला ठेवा.

दोन्ही तास एकाच बेरजेत टाकून कर्व्ह काढला तर काय होतं? सुरुवातीला हाताचं काम जास्त असल्याने उतार बरा दिसतो. पुढे हाताचे तास उतरतात, मशीनचे तसेच राहतात, आणि उतार हळूहळू सपाट होत जातो. पहिल्या आठ नगांवरून काढलेला टक्का मग पुढच्या चोवीस नगांना लागू पडत नाही. आपल्या उदाहरणात मशीनवेळ प्रत्येक नगाला ५ तास आहे. तो वेगळा ठेवू आणि कर्व्ह फक्त हाताच्या तासांवर बसवू.

## ३. जॉब कार्ड साफ करा, पण फार नाही

आठ कार्डांवरचे हाताचे तास असे आहेत: ६१, ५०, ४७.५, ४३, ४८, ३९, ३८.५, ३६.५. पाचव्या नगावर नजर अडते. कार्डाच्या मागे कारण लिहिलं आहे: बाहेरून ड्रिल होऊन आलेल्या बेअरिंग प्लेट चुकीच्या मापाच्या होत्या, त्या बदलून पुन्हा बसवायला ७ तास गेले. हे ७ तास वजा करून पाचवा नग ४१ धरायचा.

वजाबाकीचा नियम कडक ठेवा. कारण टोळीच्या बाहेरचं असेल, जसं चुकीचा माल, वीज जाणं, ग्राहकाने मधेच केलेला बदल, तरच तास काढा. टोळीच्या स्वतःच्या चुकीमुळे झालेलं रीवर्क काढू नका. उलटी वेल्ड झालेली ब्रॅकेट तिसऱ्या नगावर होते आणि सातव्यावर होत नाही, हेच तर शिकणं आहे. ते तास वजा केले तर कर्व्ह उगाच सपाट दिसेल आणि पुढचा अंदाज फुगेल.

चुकीची नोंद कुठल्या नगावर आहे यावरही बरंच अवलंबून असतं. मधल्या नगावरचे ते ७ तास तसेच ठेवले असते तरी टक्का जेमतेम पाऊण अंकाने हलला असता. तेच ७ तास आठव्या नगावर असते तर कर्व्ह ८५ ऐवजी ८७ टक्के दिसला असता. शेवटच्या नगाची आणि पहिल्या नगाची कार्डं म्हणूनच दोनदा तपासा.

## ४. आधी डोळ्यांनी बघा, मग सूत्राने काढा

स्प्रेडशीट उघडण्याआधी दुपटीच्या जोड्या करा. पहिला आणि दुसरा: ५० भागिले ६१, म्हणजे ८२ टक्के. दुसरा आणि चौथा: ८६. तिसरा आणि सहावा: ८२. चौथा आणि आठवा: ८५. सगळे आकडे ८२ ते ८६ मध्ये आहेत, म्हणजे कर्व्ह खरोखर आहे. जोड्या ७० आणि ९८ अशा फाकलेल्या निघाल्या तर सूत्र लावू नका. आधी फ्लोअरवर जाऊन काय घडलं ते विचारा.

आता शीट. A स्तंभात नग क्रमांक, B मध्ये साफ केलेले तास, ओळ २ ते ९. मग:

```
C2: =LN(A2)
D2: =LN(B2)
F1: =SLOPE(D2:D9,C2:C9)
F2: =EXP(INTERCEPT(D2:D9,C2:C9))
F3: =2^F1
```

C2 आणि D2 खाली नवव्या ओळीपर्यंत ओढा. `F1` म्हणजे `b`, `F2` म्हणजे `a`, `F3` म्हणजे कर्व्हचा टक्का. आपल्या आकड्यांवर `b` −०.२४०४, `a` ६०.५ आणि टक्का ८४.७ येतो.

रेषा कशी बसली ते बघा:

| नग | कार्डवरचे तास | कर्व्हनुसार |
|---|---|---|
| १ | ६१ | ६०.५ |
| २ | ५० | ५१.२ |
| ३ | ४७.५ | ४६.५ |
| ४ | ४३ | ४३.४ |
| ५ | ४१ | ४१.१ |
| ६ | ३९ | ३९.३ |
| ७ | ३८.५ | ३७.९ |
| ८ | ३६.५ | ३६.७ |
| एकूण | ३५६.५ | ३५६.६ |

फरक कधी वर, कधी खाली आणि कुठेच मोठा नाही. असंच दिसायला हवं. पण समजा दुसरा, तिसरा आणि चौथा नग रेषेच्या वर आणि पुढचे चार सगळे खाली असते, तर मधे काहीतरी एकदाच घडलं आहे असं समजा. बहुतेक वेळा ते नवीन वेल्डिंग फिक्स्चर असतं. फिक्स्चरने मिळालेली घट एकदाच मिळते, पुढच्या दुपटीला ती पुन्हा मिळत नाही. तिला उतारात मिसळलं तर कर्व्ह नको इतका तीव्र दिसतो. अशा वेळी फक्त फिक्स्चरनंतरच्या नगांवरून उतार काढा. नग क्रमांक मात्र मूळचेच ठेवा, पुन्हा १ पासून मोजू नका.

## ५. पुढच्या लॉटचे तास काढा

त्याच शीटमध्ये A10 ते A33 मध्ये ९ ते ३२ हे क्रमांक भरा आणि:

```
E10: =$F$2*A10^$F$1
E34: =SUM(E10:E33)
```

E10 खाली E33 पर्यंत ओढा. नववा नग ३५.७ तास, सोळावा ३१.१, बत्तिसावा २६.३. बेरीज ७१६ तास. म्हणजे चोवीस नगांची सरासरी नगाला २९.८ तास.

हाच आकडा घाईत काढला तर कुठे जातो ते बघण्यासारखं आहे. पहिल्या आठांची सरासरी ४४.६ धरून चोवीसने गुणलं तर सुमारे १,०७० तास येतात, म्हणजे साडेतीनशे तास जास्त, आणि ऑर्डर हातची जाते. आठव्या नगाचे ३६.५ तास सगळ्यांना लावले तर ८७६. बत्तिसाव्या नगाचे २६.३ लावले तर ६३१. हा शेवटचा आकडा ग्राहकाशी घासाघीस करताना फार वेळा तोंडून निघतो, "शेवटी सव्वीस तासांत होतोच की" म्हणून. तो सव्वीसचा नग येईपर्यंत तेवीस नग त्याहून जास्त तासांचे करावे लागतात, हे त्या क्षणी लक्षात राहत नाही.

## ६. दोन प्रकारचे कर्व्ह एकमेकांत मिसळू नका

कागदावर मोठं नुकसान करणारी चूक हीच, आणि ती पकडणंही सोपं आहे. म्हणून इथे जरा थांबू.

राइटचा मूळ नियम सरासरी तासांचा होता. n नगांपर्यंतचे एकूण तास भागिले n, ही सरासरी दर दुपटीला ठरावीक टक्क्यांवर येते. नंतर विमान उद्योगातच क्रॉफर्ड यांच्या नावाने दुसरी पद्धत रूढ झाली, त्यात एकेका नगाचे तास त्या टक्क्यांवर येतात. सूत्र दोन्हींचं सारखंच दिसतं, `a * n^b`. पण पहिल्यात उत्तर सरासरी असतं आणि दुसऱ्यात त्या एका नगाचे तास.

वर आपण एकेका नगाच्या तासांवरून टक्का काढला, म्हणजे आपला ८४.७ हा क्रॉफर्डचा टक्का आहे. तोच कुणी राइटच्या सूत्रात टाकला, तर ३२ नगांचे एकूण तास ८४१.५ आणि ८ नगांचे २९३.६ येतील. वजाबाकी ५४८. खरं उत्तर ७१६ असताना १६८ तास गायब होतात.

पकडायचं कसं? सूत्राला झालेल्या नगांची बेरीज विचारा. आठ नगांना आपले खरे ३५६.५ तास गेले आहेत, आणि चुकीचं सूत्र २९४ सांगतंय. तिथेच कळतं की काहीतरी घोळ आहे. कुणाकडूनही तयार शीट घेतली, किंवा पुस्तकातला तक्ता वापरला, तरी पुढचा आकडा वाचण्याआधी ही तपासणी करा.

वर्कशॉपसाठी माझं मत एकेका नगाच्या पद्धतीकडे झुकतं. सरासरी हळू हलते. आठव्या नगावर काही बिघडलं तरी आठांच्या सरासरीत ते विरघळून जातं आणि आलेख गुळगुळीत दिसतो. जॉब कार्ड नगागणिक असेल तर ही माहिती कशाला लपवायची? राइटची पद्धत तेव्हा वापरा जेव्हा तास फक्त लॉटवार नोंदलेले असतात. मग A स्तंभात प्रत्येक लॉटअखेरची एकूण नगसंख्या, B मध्ये तोवरची सरासरी, बाकी पायऱ्या त्याच. पुढचा लॉट मात्र दोन एकूण बेरजांच्या वजाबाकीनेच काढावा लागतो.

## ७. तासांवरून नगाच्या खर्चावर या

आता दर लावू. आकडे कोणत्याही चलनात वाचा: हाताच्या तासाचा दर ४००, मशीनच्या तासाचा ७००, माल नगाला २१,०००.

पहिल्या आठांत नगाचा सरासरी खर्च: मजुरी ४४.६ तासांचे १७,८४०, मशीन ३,५००, माल २१,०००. एकूण ४२,३४०. पुढच्या चोवीसांत: मजुरी २९.८ तासांचे ११,९२०, मशीन आणि माल तेच. एकूण ३६,४२०.

हाताचे तास ३३ टक्क्यांनी उतरले, पण नगाचा खर्च १४ टक्क्यांनीच. ग्राहक किंवा मालक "८५ टक्क्यांचा कर्व्ह" ऐकून संपूर्ण किमतीला तो टक्का लावायला निघतात, त्यांना हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा. मालात थोडी घट येऊ शकते. प्लेटचं नेस्टिंग सुधारतं, भंगार कमी निघतं, मोठ्या खरेदीला सूट मिळते. पण ती कारणं वेगळी आहेत, त्यांचा हिशोब मालाच्या ओळीत वेगळा करा.

ओव्हरहेडबद्दल सावध राहा. बऱ्याच ठिकाणी भाडं, सुपरवायझरचा पगार, विमा हे सगळं मजुरीच्या तासांवर टक्केवारीने चढवलेलं असतं. तास उतरले की कागदावर ओव्हरहेडही आपोआप उतरतो. भाडं मात्र उतरत नाही. वाचलेल्या तासांत दुसरं काम भरलं जाणार असेल तर ठीक. ते काम नसेल तर दर ठरवताना स्थिर ओव्हरहेड महिन्याच्या हिशोबाने वेगळा धरा आणि कर्व्हपासून लांब ठेवा.

## ८. कोटेशन देण्याआधी तीन प्रश्न विचारा

तीच टोळी काम करणार का? शिकते ती टोळी, वर्कशॉपचं नाव नाही. समजा डिलिव्हरीची घाई म्हणून दुसरी नवी टोळी लावली आणि चोवीस नग बारा-बारा वाटले. पहिली टोळी नववा ते विसावा करेल: ३८५ तास. दुसरी टोळी पहिल्यापासून सुरू करेल, तिचे बारा नग ४९४ तासांचे. एकूण जवळपास ८८० तास, म्हणजे ७१६ पेक्षा १६४ जास्त. प्रत्यक्षात फिक्स्चर तयार असतात, ड्रॉइंगमधल्या चुका दुरुस्त झालेल्या असतात, त्यामुळे दुसरी टोळी अगदी शून्यापासून निघत नाही. जुन्या टोळीतला एक फिटर तिच्यात घातला तर आणखी फरक पडतो. तरीही ७१६ तासांचा दर देऊन दोन टोळ्या लावल्या तर हिशोब जमणार नाही.

मधे खंड किती पडणार? आठवा नग संपल्यावर चार महिन्यांनी नववा सुरू झाला तर हाताची सवय मोडलेली असते. माणसं बदललेली असतात, जिग कुठेतरी अडगळीत गेलेले असतात. किती विसरलं गेलं याचा आकडा ठरवावा लागतो, आणि तो फोरमनला विचारूनच ठरतो: किती माणसं तीच आहेत, सुपरवायझर तोच आहे का, जिग जागेवर आहेत का, कामाची पद्धत लिहून ठेवली आहे का.

समजा उत्तर "चाळीस टक्के गेलं" असं आलं. पहिल्या नगाच्या ६०.५ वरून नवव्याच्या ३५.७ पर्यंत २४.८ तास कमावले होते. त्यातले ४० टक्के, सुमारे ९.९ तास परत जोडले तर पुन्हा सुरुवात ४५.६ तासांनी होते. आपल्या तक्त्यात हा आकडा तिसऱ्या नगाजवळ बसतो. म्हणून पुढचे चोवीस नग ९ ते ३२ न धरता ३ ते २६ धरा. बेरीज ८०० तास. खंडाची किंमत ८४ तास आहे, आणि हा आकडा ग्राहकासमोर मांडता येतो: ऑर्डर लगेच दिली तर हा दर, चार महिन्यांनी दिली तर तो.

डिझाइन तेच आहे का? ग्राहकाने ड्राइव्ह बाजू बदलली आणि त्या बाजूचं काम एकूण हाताच्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकं असेल, तर तेवढा हिस्सा नव्याने पहिल्या नगापासून मोजा आणि उरलेले चार हिस्से नवव्यापासून. दोन वेगळे स्तंभ करून बेरीज घ्या. संपूर्ण नग पहिल्यापासून मोजणं जितकं चूक, तितकंच बदल झालाच नाही असं धरणंही चूक.

## ९. किती पुढचं बघायचं, आणि किती खात्रीने

आठ नगांच्या नोंदीवरून बत्तिसाव्यापर्यंत जाणं म्हणजे दोन दुपटी. यापुढे मी जाणार नाही. आठ नगांवरून पाचशेव्या नगाचा आकडा शीट बिनतक्रार देते, पण त्याला आधार काही नसतो. कर्व्ह सूत्रात कधीच थांबत नाही, वर्कशॉपमध्ये थांबतो. वेल्डची लांबी ठरलेली आहे, बोल्टची संख्या ठरलेली आहे, एका माणसाने अडखळ न होता हे काम करायला जो किमान वेळ लागतो त्याच्या खाली कुणी जात नाही. स्टॉपवॉच घेऊन किंवा वेल्डचे मीटर मोजून तो किमान वेळ एकदा काढून ठेवा. समजा तो २४ तास निघाला, तर बत्तिसाव्या नगाचे २६.३ शक्य कोटीतले आहेत, पण ऑर्डर साठ नगांची असती तर शेवटच्या नगांना कर्व्हचा आकडा न लावता २४ लावावे लागले असते.

टक्क्यातही अनिश्चितता असते, विशेषतः आठच नग असताना. आठवा नग ३६.७ वर ठेवून पुढे ८७ टक्क्यांनी मोजलं तर चोवीस नगांचे ७४१ तास येतात, ८२ टक्क्यांनी मोजलं तर ६८९. म्हणून आतल्या कागदावर ७१६ हा एकच आकडा न लिहिता ६९० ते ७४० असा पट्टा लिहा. दर ७४० वर बांधायचा की ७१६ वर, हे ऑर्डरची किती गरज आहे त्यावर ठरवा. ६९० वर मात्र बांधू नका. तिथे कसलीच गडबड सोसायला जागा उरत नाही.

## १०. लॉट सुरू झाल्यावर पहिल्या चार नगांवरच तपासा

नववा ते बारावा या चार नगांचे कर्व्हनुसार तास: ३५.७, ३४.८, ३४.० आणि ३३.३. बेरीज १३७.८. हा आकडा काम सुरू होण्याआधीच फोरमनच्या फळ्यावर लावा. चार नग संपले की कार्डांची बेरीज करा. १३५ ते १४२ च्या आसपास आली तर अंदाज बरोबर चाललाय, शीटमध्ये नवे चार बिंदू घाला, `F1` आणि `F2` मधली रेंज तेराव्या ओळीपर्यंत वाढवून ते ताजे करा आणि पुढे चला.

१५० आली तर थांबून कारण शोधा, आणि कार्डांचा क्रम बघून ते बरंचसं कळतं. नववा नग खूप वर आणि बारावा जवळजवळ रेषेवर असेल, तर खंडाचा परिणाम आहे आणि तो भरून निघतोय. उरलेल्या वीस नगांचा अंदाज फारसा बदलायची गरज नाही. चारही नग सारख्याच फरकाने वर असतील, तर काम वाढलंय: नवीन तपासणीची अट, जाड प्लेट, एखादी जास्तीची पेंट कोट. तो फरक उरलेल्या प्रत्येक नगाला जोडा आणि ग्राहकाच्या अटीमुळे आला असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. आणि नग पुढे जाईल तसा फरक वाढत असेल, म्हणजे तास उतरायचेच थांबले असतील, तर काढलेला किमान वेळ आणि टोळीतले बदल पुन्हा तपासा, आणि उरलेल्या वीस नगांना कर्व्ह न लावता बाराव्या नगाचेच तास धरून हिशोब नव्याने मांडा.